रंगीत वेळापत्रक गुरुवारी का कोसळतं?

दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी दहावीतला एक मुलगा वेळापत्रक करायला बसला. त्याला आपण ओंकार म्हणू. पांढऱ्या कार्डशीटवर पट्टीनं चौकटी आखल्या, प्रत्येक विषयाला रंग ठरवला. गणित लाल, विज्ञान हिरवं, इतिहास-भूगोल पिवळं, भाषा निळ्या, उजळणी जांभळी. पहाटे ५ ते सव्वासहा गणित. ७ ते साडेबारा शाळा. दुपारी १ ते अडीच विज्ञान, अडीच ते ४ इतिहास-भूगोल, ४ ते ५ भाषा. ५ ते ७ क्लास. ७ ते साडेआठ पुन्हा गणित, मग जेवण, ९ ते साडेदहा उजळणी. शाळा आणि क्लास सोडून रोज सव्वाआठ तास अभ्यास. कागद भिंतीवर लागला तेव्हा आई-बाबा दोघंही खूश झाले.

सोमवारी तो पावणेपाचला उठला. गणिताची चौकट नीट पार पडली. शाळेतून घरी यायला १ वाजला. हातपाय धुऊन, जेवून तो विज्ञानाला बसला तेव्हा पावणेदोन झाले होते. त्या दिवशी ‘प्रकाशाचे अपवर्तन’ हा धडा संपवायचा होता. अपवर्तनांकाच्या उदाहरणांतच तासभर गेला. अडीच वाजले, पण धडा अर्ध्यावर सोडवेना, म्हणून त्यानं पिवळ्या चौकटीतला वेळ घेतला. मग शाळेचा गृहपाठ आठवला, जो त्या कागदावर कुठेच नव्हता. क्लासहून घरी पोहोचायला ७ वाजून २० मिनिटं झाली. राहिलेलं सगळं रात्री ओढत नेलं आणि झोपायला सव्वाबारा वाजले.

मंगळवारी पहाटेचा गजर वाजला, पण जाग आली ६ वाजता. लाल चौकट गेली. बुधवारी मामा मुक्कामाला आले. गुरुवारी त्यानं राहिलेल्या चौकटी मोजल्या, बेरीज ११ तासांच्या पुढे गेली आणि त्या संध्याकाळी त्यानं वहीच उघडली नाही. शुक्रवारी ठरलं: आता सोमवारपासून नव्यानं. रविवारची अख्खी दुपार दुसरा कागद रंगवण्यात गेली.

घरात याचा अर्थ ‘पोरगा आळशी आहे’ असा लावला जातो. पण ओंकारचा आठवडा नीट पाहिला तर तो रोज बराच वेळ बसला होता. चूक कागद आखतानाच झाली होती.

पहिली चूक अंदाजाची. एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे सांगताना माणूस ते काम सुरळीत पार पडल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणतो. अशीच कामं पूर्वी किती लांबली होती, हा अनुभव हिशेबात धरत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ही प्रवृत्ती मांडली. १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच्या सगळं बिघडलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. म्हणजे त्यांनी स्वतः कल्पिलेल्या वाईटात वाईट परिस्थितीलाही वास्तवानं मागे टाकलं. ओंकारनं धड्याला दिलेला दीड तास याच जातीचा होता. तो धडा स्वाध्यायासकट संपायला सव्वातीन तास लागले.

दुसरी चूक, कागदावर मोकळी जागाच नव्हती. दुपारचं जेवण, जाणं-येणं, गृहपाठ, प्रात्यक्षिकाची वही यांना एकही चौकट नव्हती. ४ ते ५ भाषा आणि बरोबर ५ वाजता क्लास, पण क्लासला पोहोचायला २० मिनिटं लागतात. चौकटीला चौकट अशी चिकटलेली असली की एक चौकट लांबली तरी तिचा धक्का रात्रीपर्यंत पोहोचतो. शेवटी तो झोपेवर येतो. त्या वेळापत्रकात झोप होती सव्वासहा तास. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, आणि या वयात शरीराचं घड्याळही रात्री उशिराकडे सरकलेलं असतं. मंगळवारी पहाटे उठता न येण्यात मनाच्या कमजोरीचा भाग फारसा नव्हता.

तिसरी चूक मागे राहिलेलं काम उद्यावर चढवण्याची. भरलेल्या दिवसावर कालचं ओझं ठेवलं की उद्याही अपुराच ठरतो. दोन-तीन दिवसांत थकबाकी एवढी फुगते की ती भरून काढणं अशक्य वाटतं, आणि मूल सगळंच सोडून देतं. कागद तिथे गुरुवारी कोसळला.

दुरुस्ती आखण्यापासून सुरू होत नाही, मोजण्यापासून होते. एक आठवडा काहीही न बदलता फक्त नोंद ठेवायची: किती वाजता बसलो, काय केलं, किती वाजता उठलो. ओंकारची नोंद अशी निघते. दुपारी पावणेदोनला बसणं, ४ वाजून ४० मिनिटांनी क्लासला निघणं. या जवळजवळ ३ तासांतून गृहपाठाला १ तास १० मिनिटं गेली की उरतात पावणेदोन तास. संध्याकाळी पावणेआठ ते साडेआठ पाऊण तास, जेवणानंतर पाऊण तास. १० वाजता झोपून ६ वाजता उठायचं. एकूण सव्वातीन तास. कागदावरचे सव्वाआठ कधी अस्तित्वातच नव्हते.

या सव्वातीन तासांतले अडीचच भरायचे. पाऊण तास रिकामा, त्या दिवशी जे लांबेल त्याच्यासाठी. चौकटीत ‘विज्ञान’ असं न लिहिता ‘अपवर्तनांकाची पाच उदाहरणं’ असं लिहायचं, म्हणजे काम संपलं की नाही हे कळतं. पुढचा धडा ‘भिंगे व त्यांचे उपयोग’. त्याला मनातला दीड तास न देता नोंदवहीतले सव्वातीन तास द्यायचे आणि ते तीन दिवसांत वाटायचे. आठवड्यात राहिलेलं सगळं रविवारच्या दोन तासांत जाईल, त्या वेळात नवीन काही लावायचं नाही.

रंग वापरायचेच असतील तर विषयांसाठी नकोत, ते नावावरून कळतातच. एक रंग न हलणाऱ्या वेळेला: शाळा, क्लास, जेवण, झोप. दुसरा हलवता येणाऱ्या अभ्यासाला. मामा आले तर कोणती चौकट सरकवायची आणि कोणती नाही, हे कागदाकडे पाहताच समजतं.

हे केल्यावरही तीन-चार आठवडे रविवारचे दोन तास अपुरे पडत राहिले, तर आणखी चांगल्या आखणीनं ते भागणार नाही. काम दिवसापेक्षा मोठं झालेलं असतं, आणि ते कमी करणं मुलाच्या हातात नसतं. क्लासचा एखादा विषय सोडायचा का, जाण्या-येण्यात जाणारा वेळ वाचेल का, हे ठरवणं घरातल्या मोठ्यांचं काम आहे. त्यासाठी मुलाच्या नोंदवहीतली चार पानं समोर ठेवून बोललं तर दोष कुणाचा हा वाद राहत नाही, तास किती आहेत एवढंच बोलायचं उरतं.