एक टॅब, आठ मुलं आणि लांबलेलं लग्न

मैत्रिणींनो, लग्नसराईत आपल्याकडचा मुहूर्त पत्रिकेत संध्याकाळी ६ वाजून ३५ मिनिटांचा असतो. पण पाहुणे जनरल शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या तळेगाव चौकातली गर्दी ओलांडून चिंचवडच्या कार्यालयात पोचतात. मग मान्यवरांचे सत्कार होतात. मंगलाष्टका सुरू व्हायला आठ वाजतात आणि पंगत त्याच्याही पुढे. या दोन तासांत मुलं भटारखान्याकडे नाहीतर पार्किंगकडे पळतात. त्यांना सांभाळायला घरातली बारा वर्षांची थोरली पोरगी बसवली जाते, आणि तिचं लग्न बघायचं राहून जातं.

अशा वेळी कुणीतरी टॅब काढून मुलांच्या हातात देतं आणि दहा मिनिटांत भांडण लागतं. यात मुलांचा दोष कमी आणि खेळाचा जास्त असतो. धावायचे, उड्या मारायचे खेळ एकट्यासाठीच बनवलेले असतात. ‘आऊट झाला की दुसऱ्याला दे’ असं आपण सांगतो. पण ज्याला चांगलं खेळता येतं तो लवकर आऊटच होत नाही, आणि बाकीचे सात जण नुसते वाकून बघत राहतात. ‘पाच-पाच मिनिटं खेळा’ हेही चालत नाही, कारण घड्याळ कुणीच बघत नसतं.

म्हणून खेळ निवडताना दोन गोष्टी बघा. पाळी मिनिटावर नाही, तर डावावर संपली पाहिजे. आणि ज्याच्या हातात टॅब नाही, त्यालाही काहीतरी काम पाहिजे. यात बसणारे दोन खेळ सांगते. समजा, चार ते बारा वयाची आठ मुलं आहेत.

पहिला खेळ लुडोचा. लुडो किंग हा गेम नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणला. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या मोबाईलमध्ये तो असेलच. त्यात Pass N Play असं बटण आहे. ते दाबलं की एकाच टॅबवर सगळे आळीपाळीने खेळू शकतात आणि नेट लागत नाही. चार खेळाडू निवडा आणि आठ मुलांच्या चार जोड्या करा. प्रत्येक जोडीत एक मोठं आणि एक लहान मूल ठेवा. लहानाने फासा टाकायचा, मोठ्याने कोणती सोंगटी चालवायची ते ठरवायचं. चार वर्षांच्या पोराला सोंगटी कळत नाही, पण फासा टाकायला फार आवडतं. टॅब उचलून कुणाकडे द्यायचाच नाही. तो सतरंजीच्या मध्ये सपाट ठेवायचा आणि मुलांनी भोवती बसायचं. हातातून हातात फिरणारा टॅब पडतोच.

पूर्ण डाव फार लांबतो आणि मागे पडलेली जोडी कंटाळते. म्हणून आधीच सांगून ठेवा, ‘ज्यांच्या दोन सोंगट्या आधी घरात, ते जिंकले.’ पुढच्या डावाला जोड्या बदला.

दुसरा खेळ ‘ओळखा पाहू’. याला गेम उतरवून घ्यावा लागत नाही, फक्त आदल्या दिवशी घरी अर्धा तास द्यावा लागतो. घरातल्या पंधरा वस्तूंचे फोटो टॅबमध्येच काढा. प्रत्येक वस्तूचे दोन फोटो हवेत, एक अख्ख्या वस्तूचा आणि एक अगदी जवळून, ओळखू येणार नाही असा. कुकरची शिट्टी, किसणीची भोकं, लसणाचा गड्डा, झाडूचं टोक, चपलेचा तळ, पापडाचा पृष्ठभाग असं काहीही चालतं. फोटो फार जवळून काढला तर धूसर येतो. तसं झालं तर थोडं लांबून काढा आणि नंतर कापून घ्या.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक टॅबच्या गॅलरीत नवीन फोटो आधी दिसतो. म्हणून प्रत्येक वस्तूचा अख्खा फोटो आधी काढा, जवळचा नंतर. मग खेळताना शेवटच्या फोटोपासून सुरुवात केली की आधी कोडं येतं आणि बोट सरकवलं की उत्तर. घरी एकदा सरकवून बघा. उलटं येत असेल तर उलट बाजूने सुरू करा.

खेळताना चार-चार मुलांचे दोन गट करा. एका गटातलं एक मूल ‘मास्तर’. ते टॅब छातीशी धरून समोरच्या गटाला कोडं दाखवतं. समोरच्यांनी आपसात बोलून एकच उत्तर द्यायचं. बरोबर आलं की एक गुण. गुण कागदावर मांडायचं काम मास्तरच्याच गटाला द्या. एक फोटो झाला की मास्तर बदलला आणि पाळी दुसऱ्या गटाची. पंधरा वस्तूंत प्रत्येकाला निदान एकदा मास्तर होता येतं. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना हे सोपं वाटलं, तर ‘पुढच्या लग्नासाठी कोडी तुम्ही काढा’ असं सांगा.

आता तयारी. टॅब पूर्ण चार्ज करून न्या. चार्जिंगला लावलेल्या टॅबभोवती मुलं बसवू नका, वायरीत पाय अडकतो. आवाज बंद ठेवा, बँजोपुढे तो ऐकू येतच नाही. लुडो घरी एकदा नेट चालू असताना उघडून बघा. मग विमान मोड लावून परत उघडा आणि चालतोय ना ते बघा. कार्यालयात विमान मोड लावूनच द्यायचा. त्यामुळे जाहिराती येत नाहीत, आणि चुकून बोट लागून काही विकतही घेतलं जात नाही.

आणखी एक कुलूप आहे. सेटिंगमध्ये pin असं शोधलं की App pinning किंवा Pin app सापडतं. ते चालू करा आणि उघडताना पिन मागेल असं ठेवा. मग खेळ उघडून अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीत जा, त्याच्या चिन्हावर दाबा आणि Pin निवडा. आता मुलांना त्या खेळाच्या बाहेर जाता येत नाही. ‘ओळखा पाहू’साठी गॅलरी पिन केली, तर मात्र आतले सगळे फोटो मुलांना दिसतात. म्हणून घरातल्याच कुणाचा टॅब घ्या आणि खाजगी फोटो आधी हलवा. गटाच्या नोंदी ज्या टॅबवर लोकॉसमध्ये भरल्या जातात, तो टॅब मात्र लग्नात न्यायचाच नाही.

वेळेचीही मर्यादा आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन देऊच नये, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसात जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. म्हणून लुडोचा एक डाव आणि फोटोंचा एक फेरा झाला की टॅब पिशवीत. मंगलाष्टकांना मुलं अक्षता टाकायला आपल्याजवळच हवीत.

लांबून लक्ष ठेवताना एक खूण लक्षात ठेवा. मुलं ओरडत, हसत असतील तर खेळ नीट चाललाय. सगळं एकदम शांत झालं आणि डोकी एकत्र वाकलेली दिसली, तर टॅब एकाच्या हातात गेलाय. तेव्हा उठून जा.

आणि तिथे बसायला थोरल्या पोरीला लावू नका. घरातल्या चार बायकांनी अर्धा-अर्धा तास वाटून घ्या. कोण कधी बसणार हे घरून निघतानाच ठरवा, आणि एक पाळी पुरुषांपैकी कुणाला तरी द्या. सत्कार बघत खुर्चीत बसलेले काका सापडतातच.