खर्जाच्या ओळीवरचे आकडे

आर्कांजेलो कोरेल्लीचा ओपस ५ हा १२ व्हायोलिन सोनाटांचा संग्रह १७०० साली रोममध्ये छापला गेला. त्यात दोनच ओळी दिसतात. वरची व्हायोलिनची, खालची खर्जाची. हार्पसिकॉर्डवादक खालची ओळ डाव्या हाताने वाजवतो. उजव्या हातासाठी मात्र एकही सूर छापलेला नाही. खर्जाच्या काही सुरांपाशी बारीक आकडे आहेत, तेवढेच. त्या आकड्यांवरून उजव्या हाताची साथ वादकाने वाजवता वाजवता उभी करायची.

या पद्धतीला फिगर्ड बेस म्हणतात आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या साथीला बासो कंटिन्युओ. १६००च्या सुमारास इटलीत ती छापील संगीतात आली आणि पुढची दीडशे वर्षे युरोपभर चालली. खर्जाची ओळ बहुधा चेलोसारखे वाद्यही वाजवते. वरच्या कॉर्ड हार्पसिकॉर्ड, ऑर्गन किंवा थिऑर्बो हे लांब मानेचे ल्यूट भरते.

आकडे वाचायचे कसे, हे पेटीवर चटकन कळते. पांढरी एक हा सा धरू. खर्जातला सूर नेहमी १ मानायचा आणि तिथून वर मोजायचे. आकडा नसेल तर तिसरा आणि पाचवा सूर घ्यायचा, म्हणजे सा वर ग आणि प. ६ लिहिले असेल तर तिसरा आणि सहावा: खर्जात नी असेल तर रे आणि प. इथे नवख्याची हमखास चूक होते. तो सहावा सूर रागाच्या सा पासून मोजावा तसा मोजतो आणि नी खाली असतानाही ध वर बोट ठेवतो. मोजणी दर वेळी खर्जातल्या सुरापासून नव्याने सुरू होते.

आता एक छोटी ओळ वाजवून पाहू. खर्जात सा, म, प, सा. पहिल्या सा वर आकडा नाही, म वर ६ आणि ५, प वर आधी ४ व मग ३, शेवटचा सा पुन्हा मोकळा. उजवा हात प-सा-ग ने सुरुवात करतो. म वर तिसरा, पाचवा आणि सहावा सूर हवा, म्हणजे ध-सा-रे. त्यासाठी प एक पायरी वर सरकतो, ग एक पायरी खाली येतो आणि मधला सा जागचा हलत नाही. खर्ज प वर गेला की ४ म्हणजे पुन्हा तोच सा. भोवती प आणि रे. आता मात्र तो सा टोचू लागतो, कारण प च्या कॉर्डमध्ये त्याची जागा नाही. तिथे नी हवा. ३ आला की सा नी वर उतरतो आणि ताण सुटतो. शेवटी नी परत सा वर जातो, रे ग वर चढतो आणि प तिथेच राहतो.

म्हणजे ‘४ ३’ हे दोन आकडे एका बोटाची हालचाल सांगतात: आधीच्या कॉर्डमधला सूर धरून ठेव, मग एक पायरी उतर. वादकाने घाईने प वर सरळ नी वाजवला आणि व्हायोलिन अजून सा वर थांबलेले असेल, तर दोन्ही सूर एकमेकांवर आदळतात. श्रोत्यालाही ते खटकते.

दुसरी चूक हाताच्या सवयीची आहे. खर्जात म नंतर प आला आणि दोन्हींवर आकडे नसले, तर म-ध-सा चा ठसा तसाच उचलून प-नी-रे वर ठेवणे सोपे वाटते. मग सगळे सूर एकाच दिशेने, तितक्याच अंतराने सरकतात आणि चार स्वतंत्र आवाजांऐवजी एकच जाड आवाज ऐकू येतो. म्हणून खर्ज वर चढत असताना उजवा हात खाली आणायचा असतो.

आकडे कोणते सूर घ्यायचे ते सांगतात. किती दाट, कोणत्या उंचीवर आणि कोणत्या लयीत, हे सांगत नाहीत. योहान सेबास्टियन बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल बाख प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या दरबारात हार्पसिकॉर्ड वाजवायचा. राजा बासरी वाजवी आणि हा साथीला असे. १७६२ साली आलेल्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्याने साथीचा सविस्तर विचार केला. मुख्य वादकाची चाल साथीदाराने वरच्या सुरात गिरवत बसू नये, हा त्यातला एक धडा. पेटीची साथ गायकाच्या मागोमाग त्याचे सूर घेत जाते. कंटिन्युओवादक ती चाल मोकळी सोडतो आणि तिच्याखालचे सूर भरतो.

वाद्यही फरक पाडते. हार्पसिकॉर्डचा सूर छेडल्याबरोबर विरू लागतो, म्हणून संथ जागी वादक कॉर्ड एकदम न दाबता सूर एकामागून एक उलगडतो. ऑर्गनचा सूर बोट उचलेपर्यंत टिकतो. तिथे तेवढीच दाट कॉर्ड व्हायोलिनला झाकून टाकते, मग दोन-तीन सूरही पुरतात.

आजच्या अनेक आवृत्त्यांत उजव्या हाताचे सूर लिहून दिलेले असतात, बहुधा बारीक टायपात. ते संपादकाचे असतात, कोरेल्लीचे नव्हेत. त्यामुळे एकाच सोनाटाच्या दोन ध्वनिमुद्रणांत साथ अगदी निराळी ऐकू येते. एकीत थिऑर्बोच्या तारा झुळझुळतात, दुसरीत ऑर्गन शांत उभा असतो. खर्ज प वर आला आणि ‘४ ३’ ची जागा आली की मात्र दोन्हींत तोच सा थांबतो आणि नी वर उतरतो.