जवळीक आणि मोकळीक

घट्ट संसारात नवराबायकोंपैकी एकाने स्वतःसाठी वेळ मागितला की दुसऱ्याला तो दुरावा वाटू शकतो. मग जो घाबरतो तो जास्त चौकशी करतो, मागे लागतो, आणि ज्याला मोकळीक हवी असते तो आणखी अंग काढून घेतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांनी या चक्राचा बराच अभ्यास केला आहे. यात दोघांनाही आपण फक्त समोरच्याच्या वागण्याला उत्तर देतो आहोत असे वाटते, त्यामुळे सुरुवात कोणी केली यावर वाद घालून काही निष्पन्न होत नाही.

हे चक्र तोडायचे तर मोकळीक कमी करण्यापेक्षा खात्री वाढवणे उपयोगी पडते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील ब्रुक फीनी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वरवर उलटी वाटणारी गोष्ट दिसली. अडचणीच्या वेळी जोडीदार हमखास पाठीशी उभा राहतो असा ज्यांचा अनुभव होता, ती माणसे पुढे अधिक स्वावलंबी झाली. परत येण्याची जागा पक्की असली की माणूस निर्धास्तपणे आपल्या वाटेने जातो.

ही खात्री रोजच्या व्यवहारात कशी मिळते? डोंबिवलीतील दोन खोल्यांत राहणारे एक जोडपे कल्पनेत घेऊ. नवरा रात्री आठला लोकलच्या गर्दीतून घरी येतो आणि चपला काढताच मोबाइल घेऊन गॅलरीत जातो. शाळेत शिकवणाऱ्या बायकोला दिवसभरातले बरेच काही सांगायचे असते. ती गॅलरीच्या दारात जाऊन बोलू लागते, तो मान वर न करता ‘हूं’ म्हणतो, आणि जेवणे अबोल्यात होतात. इथे त्याची अर्ध्या तासाची गरज खरी आहे, पण ती त्याने सांगितलेली नाही. ‘साडेआठपर्यंत मला जरा शांत बसू दे, मग जेवताना सगळं ऐकतो’ असे तो म्हणाला, तर त्याच अर्ध्या तासाला सुरुवात आणि शेवट मिळतो. मात्र साडेआठला त्याने खरोखर उठायला हवे. शब्द दोनचार वेळा मोडला की पुढच्या अर्ध्या तासाबद्दल पुन्हा संशय येतो.

बायकोला शनिवारी संध्याकाळी गाण्याच्या क्लासला जायचे असेल, तर प्रश्न वेगळा होतो. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. त्यामुळे ‘जा की, मी कुठे अडवलंय?’ एवढ्याने तिला वेळ मिळत नाही. सासूबाईंचा चहा, मुलाचा अभ्यास आणि रात्रीची भाजी ही कामे त्या संध्याकाळी नवऱ्याकडे जावी लागतात. त्यांची आठवण ठेवण्याचे कामही त्यांतच येते. क्लासमधून ‘कुकरच्या किती शिट्ट्या?’ या फोनला उत्तर द्यावे लागत असेल, तर तो वेळ तिचा झालेला नसतो. एकालाच मोकळीक मिळत राहिली, तर दुसऱ्याच्या मनात अढी बसते.

वेगळ्या घालवलेल्या वेळाचे घरात काय होते, यालाही महत्त्व आहे. शेली गेबल यांच्या संशोधनात, एकाने आणलेल्या चांगल्या बातमीत दुसऱ्याने उत्साहाने रस घेतला तर नात्यातील समाधान अधिक असल्याचे आढळले. ती नवा राग शिकून आली, तर त्याला संगीत कळण्याची गरज नाही. ‘आज काय शिकवलं, म्हणून दाखव ना’ एवढे पुरते. ‘छान’ म्हणून टीव्हीकडे वळल्यास ती हळूहळू सांगणे सोडते.

दुराव्याची खूण भांडणे वाढण्यातच दिसते असे नाही. नोकरीतला बदल किंवा तब्येतीची काळजी आधी मित्रमैत्रिणींना कळते आणि घरी नंतर. जोडीदार सध्या कशात रमला आहे हे सांगता येत नाही. तो बाहेर गेला की हायसे वाटते, आणि एखादा वाद निघणार असे दिसताच ‘माझा वेळ’ आठवतो. अशा वेळी आणखी मोकळीक देण्याआधी टाळलेला विषय काढावा लागतो.

या उपायांनाही मर्यादा आहेत. ते दोघांनाही नकार देण्याची मुभा असेल तिथेच लागू पडतात. मोबाइल तपासणे, माहेरी जाण्यास किंवा मैत्रिणींना भेटण्यास बंदी घालणे, पैशांचा हिशेब मागून धाक दाखवणे हे प्रेमाच्या नावाखाली ठेवलेले नियंत्रण आहे. तिथे वेळेची वाटणी करून भागत नाही. समुपदेशकाची आणि हिंसा असल्यास कायद्याची मदत घ्यावी लागते.