सोमवारी पाचपर्यंत कळवा

कार्यालयाचे निमंत्रण साधारण तीनदा वाचले जाते. पहिल्यांदा मेल आल्या आल्या, त्या दिवशी आपण मोकळे आहोत का हे पाहायला. दुसऱ्यांदा घरी विचारून उत्तर देताना. आणि तिसऱ्यांदा स्टेशनबाहेर, गर्दीत, एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात फोन धरून. बहुतेक निमंत्रणे पहिल्या वाचनापुरतीच लिहिलेली असतात. वर दोन ओळी आग्रहाच्या, मध्ये समितीची नावे, आणि पत्ता कुठेतरी तळाशी.

समजा, फोर्टमधल्या एका कार्यालयाचे स्नेहसंमेलन दादरला आहे. त्याचे आटोपशीर निमंत्रण असे होईल :

वार्षिक स्नेहसंमेलन : शनिवार, १९ डिसेंबर २०२६
वेळ : चहा सायं. ६.००, कार्यक्रम ६.३० ते ९.००, नंतर जेवणाची पाकिटे
स्थळ : श्री शिवाजी मंदिर नाट्यगृह, प्लाझासमोर, दादर (प.)
उत्तर : सोमवार, १४ डिसेंबर, सायं. ५.०० पर्यंत. येणार की नाही, एकूण माणसे किती, त्यांत जैन जेवण किती. कल्याण समिती, एक्स्टेंशन २१४
कसे यावे : दादर स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून प्लाझाकडे चालत, सुमारे १० मिनिटे
त्या दिवशी फोन : दारावर थांबणाऱ्या सहकाऱ्याचा मोबाइल

तारखेबरोबर वार लिहायचा तो शोभेसाठी नव्हे. १९ च्या जागी चुकून १८ पडले, तर 'शनिवार, १८' हे कॅलेंडरशी जुळत नाही आणि कोणीतरी लगेच विचारतो. नुसती १८ तारीख असती तर चूक खपून गेली असती आणि काही मंडळी शुक्रवारीच दादरला पोचली असती. वेळेच्या ओळीत चहा आणि कार्यक्रम वेगळे दाखवले आहेत, कारण एकच वेळ दिली तर ती पोचायची की पडदा उघडायची, हे प्रत्येकजण आपापल्या सोयीने ठरवतो. शेवटची वेळही हवी. कर्जत किंवा विरारला परतणाऱ्याचा होकार तिच्यावरच अवलंबून असतो.

उत्तराची मुदत मात्र कार्यक्रमाच्या तारखेवरून उलटी मोजत काढावी लागते. या उदाहरणात केटररला पक्का आकडा बुधवारी, १६ तारखेला हवा आहे. तोच दिवस मुदत म्हणून छापला तर गप्प बसलेल्यांना विचारायला वेळच उरत नाही. म्हणून मुदत सोमवारची आणि मंगळवार फोनाफोनीचा. मुदतीला वारही हवा आणि तासही. 'लवकरात लवकर कळवा' ही मुदत नसते. 'येणार असाल तर कळवा' असे लिहिले की न कळवणाऱ्याचा अर्थ लागत नाही : तो येणार नाही, की त्याने मेल उघडलीच नाही? त्यामुळे नकारही मागावा. 'सहकुटुंब' हा शब्द मोघम आहे. त्यात दोन माणसे बसतात, तशी पाचही. पाकिटे मोजून यायची असतील, तर माणसांचा आकडाच विचारलेला बरा.

रस्त्याची माहिती लिहिताना सुरुवात वाचणारा जिथे खात्रीने पोचेल तिथून करावी, म्हणजे इथे दादर स्टेशनपासून. नंतर बाजू, एक ठळक खूण आणि चालायचा वेळ. एवढ्यात काम भागते. दादरला 'पश्चिम' विसरले तर माणूस पुलाच्या भलत्याच टोकाला उतरतो. मागच्या वर्षीचा मजकूर उतरवून घेण्याची सवय इथे अंगाशी येते. दादरच्या फलाटांना ९ डिसेंबर २०२३ पासून सलग क्रमांक मिळाले : पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. त्याआधी एकच क्रमांक दोन्ही बाजूंना सापडायचा. जुन्या निमंत्रणातला 'मध्य रेल्वेचा फलाट ३' आता ९ आहे. फलाटाचा क्रमांक टाळून बाजू लिहिली, तर हा घोळ होत नाही. मजकूर पाठवण्यापूर्वी ते ठिकाण न पाहिलेल्या एखाद्या सहकाऱ्याला ही एक ओळ वाचायला द्यावी. त्याने 'मग डावीकडे की उजवीकडे?' विचारले की कुठे अडते ते कळते.

हे सगळे रंगीत चित्रात बसवून व्हॉट्सॲपवर टाकण्याची हौस सर्वत्र आहे. चित्रातला फोन नंबर दाबून लागत नाही, नकाशाची लिंक उघडत नाही, पत्ता उचलून टॅक्सीच्या ॲपमध्ये टाकता येत नाही आणि आठवडाभराने 'दादर' शोधले तर तो संदेश सापडत नाही. चित्र पाठवायचेच असेल तर वरच्या ओळी त्याखाली साध्या मजकुरातही द्याव्यात. मेलच्या विषयात 'निमंत्रण' एवढेच न लिहिता 'स्नेहसंमेलन, शनि. १९ डिसें., उत्तर सोम. १४ पर्यंत' असे लिहिले, तर मेल न उघडणाऱ्यालाही मुदत दिसते.

शेवटच्या ओळीतला मोबाइल नंबर पुष्कळदा राहून जातो. एक्स्टेंशन २१४ शनिवारी संध्याकाळी कोणी उचलत नाही. नंबर ज्याचा दिला, त्याला सूत्रसंचालन किंवा नाटकातली भूमिका मात्र देऊ नये.