दहा हजारांची वाढ, हातात किती?

पगारवाढीच्या पत्रावर जो आकडा छापलेला असतो तो बहुतेक खासगी कंपन्यांत सीटीसीचा असतो. सीटीसी म्हणजे नोकरदारावर कंपनी वर्षभरात करणार असलेला एकूण खर्च. त्यात मालकाने भरायचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा धरलेला असतो, बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते. त्यामुळे प्राप्तिकर कापला जाण्याआधीच वाढीचा एक तुकडा बाजूला निघालेला असतो. उरलेल्या रकमेवर किती कर बसेल हे पूर्ण पगारावर सरासरी किती कर पडतो यावरून ठरत नाही. वाढीव रुपया ज्या टप्प्यात जाऊन पडतो, त्या टप्प्याच्या दरावरून ते ठरते. या दराला सीमांत दर म्हणतात, आणि वाढीचा हिशेब करताना लोक नेमके इथेच चुकतात.

वर्षाला २० लाख रुपये सीटीसी असलेल्या, पुण्यात काम करणाऱ्या एखाद्या अभियंत्याचे उदाहरण घेऊ. त्याचे मूळ वेतन, म्हणजे बेसिक, सीटीसीच्या निम्मे आहे आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो. त्याला वर्षाला १ लाख २० हजारांची, म्हणजे महिन्याला १०,००० रुपयांची वाढ मिळाली. बेसिक निम्मे असल्याने ते महिन्याला ५,००० रुपयांनी वाढले. त्यावर मालकाचा १२ टक्के पीएफ ६०० रुपये आणि ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्के तरतूद सुमारे २४० रुपये. हे दोन्ही वजा जाता सॅलरी स्लिपवर प्रत्यक्षात ९,१६० रुपयांचीच वाढ दिसते. त्यातून नोकरदाराचा स्वतःचा पीएफ आणखी ६०० रुपये कापला जातो.

राहिला कर. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नव्या करप्रणालीच्या दरांनुसार ४ लाखांपर्यंत कर नाही. त्यापुढे दर चार लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २० आणि २५ टक्के असा दर चढत जातो आणि २४ लाखांवर ३० टक्के होतो. या अभियंत्याचे करपात्र उत्पन्न, ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरल्यावर, १६ ते २० लाखांच्या टप्प्यात येते. वाढीनंतरही ते त्याच टप्प्यात राहते. म्हणून वाढीच्या प्रत्येक रुपयावर २० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर, मिळून २०.८ टक्के कापले जातात. नव्या प्रणालीत नोकरदाराच्या स्वतःच्या पीएफवर वजावट मिळत नसल्याने कर पूर्ण ९,१६० रुपयांवर लागतो आणि तो सुमारे १,९०५ रुपये होतो. हातात उरतात सुमारे ६,६५० रुपये.

म्हणजे पत्रावरच्या दहा हजारांपैकी दोन तृतीयांश हातात आले. पण उरलेला सगळाच भाग गेला असे नाही. कर गेला तो गेला. पीएफचे १,२०० रुपये मात्र नोकरदाराच्याच खात्यात जमा होतात आणि २०२४-२५ या वर्षासाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होते. मालकाच्या १२ टक्क्यांतून काही भाग निवृत्तिवेतन योजनेकडे जातो हे खरे, पण ती रक्कम १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर मोजली जाते, म्हणजे महिन्याला १,२५० रुपयांपुढे जात नाही. ती मर्यादा या अभियंत्याने कधीच ओलांडलेली असल्याने वाढीतला मालकाचा वाटा पूर्णपणे पीएफमध्येच पडतो. ग्रॅच्युइटीचे तसे नाही. ती साधारणपणे पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर मिळते. त्याआधी नोकरी सोडणाऱ्यासाठी ते २४० रुपये कागदावरचेच ठरतात.

काही कंपन्या पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच कापतात. स्लिपवर पीएफसमोर दर महिन्याला नेमके १,८०० रुपये दिसत असतील, तर हा प्रकार आहे हे ओळखावे. अशा ठिकाणी वाढीमुळे पीएफ एक रुपयानेही वाढत नाही आणि त्याच अभियंत्याच्या हातात सुमारे ७,७३० रुपये येतात. हे जास्त वाटते, पण फरकाची किंमत मोजावी लागते. मालकाचा पीएफ ठराविक मर्यादेपर्यंत करमुक्त असतो, तोच पैसा पगार म्हणून आला की त्यावर कर बसतो. हातात १,०७५ रुपये जादा आले, पण पीएफमध्ये जाणारे १,२०० रुपये थांबले. मधले १२५ रुपये करात गेले.

महाराष्ट्रातला व्यवसाय कर या हिशेबात येतच नाही. तो महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, असा वर्षाला २,५०० रुपयांवर थांबतो. या पगाराचा माणूस तो आधीपासूनच पूर्ण भरत असतो.

पगारदारांमध्ये एक जुना समज आहे की वाढीमुळे वरच्या टप्प्यात गेले तर सगळ्याच पगारावर जास्त कर लागतो आणि वाढ मिळून तोटा होतो. टप्प्यांच्या बाबतीत हा समज सपशेल चुकीचा आहे. १६ लाखांवरचा पहिला रुपया २० टक्क्यांत गेला, तरी खालच्या रुपयांचे दर जागचे हलत नाहीत. पण एका जागी मात्र ही भीती खरी ठरते, आणि ती जागा भल्याभल्यांच्या पगाराला लागून आहे.

ती जागा आहे १२ लाखांची. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर हिशेबाने येणारा ६०,००० रुपयांचा कर सूट म्हणून पूर्ण माफ होतो. प्रमाणित वजावट धरता पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत असला तर कर शून्य. मग १२ लाख १ रुपया झाला तर एकदम ६० हजार भरायचे का? हा कडेलोट टाळण्यासाठी कायद्याने सीमांत सवलत ठेवली आहे. १२ लाखांच्या वर जितके उत्पन्न असेल, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही, अशी तिची रीत आहे. कडेलोट टळला खरा, पण त्याचा दुसरा अर्थ असा की १२ लाखांवरचा प्रत्येक रुपया पूर्णच्या पूर्ण करात जातो. शिवाय त्या करावर ४ टक्के उपकर आहेच. म्हणजे या पट्ट्यात सीमांत दर १०४ टक्के होतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यातला, कोटभर कमावणारा माणूससुद्धा एरवी वाढीच्या रुपयावर इतका कर भरत नाही. करपात्र उत्पन्न सुमारे १२ लाख ७०,५९० रुपये होईपर्यंत हा पट्टा चालतो. त्यापुढे सवलतीची गरज संपते आणि नेहमीचा १५ टक्के दर सुरू होतो.

आता सुमारे १३ लाख ९२ हजार सीटीसी असलेली एक नोकरदार पाहू. बेसिक निम्मे, पीएफ पूर्ण बेसिकवर. मालकाचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी वजा जाता तिचा पगार बरोबर १२ लाख ७५ हजार होतो, कर शून्य. तिला वर्षाला ६०,००० रुपयांची वाढ मिळाली. पगारात त्यातले ५४,९५७ रुपये आले. कर तेवढाच, ५४,९५७ रुपये, आणि उपकर २,१९८ रुपये. तिचा स्वतःचा पीएफही ३,६०० रुपयांनी वाढला. वर्षभरात हातात येणारी रक्कम ५,७९८ रुपयांनी घटली. पत्रावर महिन्याला पाच हजारांची वाढ आणि खात्यात महिन्याला सुमारे ४८० रुपये कमी! पीएफ खात्यात तिचे आणि मालकाचे मिळून ७,२०० रुपये जादा जमा झाले एवढाच तिचा खरा लाभ. बाकी वाढ कंपनीने दिली आणि सरकारने घेतली.

तिला निव्वळ जुन्या ठिकाणी परत यायला सीटीसीमध्ये सुमारे ८७,५०० रुपयांची वाढ लागते. तिला अभियंत्याइतकीच, महिन्याला दहा हजारांची वाढ मिळाली तरी हातात सुमारे १,९३० रुपयेच येतील. तीच दहा हजारांची वाढ कोणाला मिळते यावर हाती किती येणार हे असे ठरते. वाढीनंतरही १२ लाखांच्या आत राहणाऱ्याला सुमारे ८,५६० मिळतात, २४ लाखांवर करपात्र उत्पन्न असणाऱ्याला सुमारे ५,७००, आणि १२ लाखांच्या काठावर उभ्या असणाऱ्याला त्याच्याही एक तृतीयांश. जुन्या प्रणालीत हा पट्टा नाही, पण तिथले दर इतके चढे आहेत की मोठ्या वजावटी नसतील तर तिकडे जाण्यात अर्थ नसतो.

आपण या पट्ट्यात आहोत का हे फक्त सॅलरी स्लिपवरून कळत नाही. करपात्र उत्पन्नात बँकेच्या मुदत ठेवींचे व्याजही धरले जाते. पगार १२ लाख ६० हजार आणि व्याज ४० हजार असेल तर पगारावर कंपनी एक रुपयाही टीडीएस कापणार नाही, कारण तिला व्याजाचा पत्ताच नसतो. विवरणपत्र भरताना मात्र २५ हजार रुपये कर आणि त्यावर उपकर पुढे उभा राहतो. दुसरी फसगत महिन्याच्या आकड्याने होते. एप्रिलपासूनची वाढ जुलैत जाहीर झाली तर त्या महिन्यात मागची थकबाकी एकदम येते आणि पगार फुगलेला दिसतो, तर वर्षाचा वाढीव कर उरलेल्या नऊ महिन्यांत वाटून कापला जातो. पुढचे महिने त्यामुळे खऱ्यापेक्षा बारीक दिसतात. म्हणून वाढीचा हिशेब वर्षाचाच करावा.

काठावरच्या नोकरदाराला एक वाट उघडी असते. नव्या प्रणालीत मालकाने कर्मचाऱ्याच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या खात्यात, म्हणजे एनपीएसमध्ये, बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलेल्या रकमेवर वजावट मिळते. वरच्या उदाहरणातल्या नोकरदारासाठी ही मर्यादा सुमारे ९७ हजार रुपये होते. तिने वाढीचे साठ हजार पगारात न घेता मालकामार्फत एनपीएसमध्ये वळवले, तर कर शून्यच राहतो आणि पूर्ण रक्कम तिच्या नावावर जमा होते. पैसा बराच काळ अडकतो, ही त्याची किंमत. हा बदल मनुष्यबळ विभागाकडून पगाराची रचना ठरतानाच करून घ्यावा लागतो. मार्चअखेरीस स्वतःच्या खिशातून एनपीएसमध्ये पैसे भरले तर नव्या प्रणालीत त्यावर वजावट मिळत नाही.