पदावली वाचणारा तक्ता

शाळेत पदावली सोडवण्यासाठी आपण 'कंचेभागुबेव' पाठ करतो. आधी कंस, मग 'चे', मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि शेवटी वजाबाकी. कागदावर हे जमते, कारण सगळी ओळ आपल्या डोळ्यांसमोर असते. मधला गुणाकार हेरायचा, तो करून टाकायचा आणि मग उरलेल्याकडे वळायचे. कंपायलरला मात्र ओळ डावीकडून उजवीकडे, एकेक चिन्ह करत वाचावी लागते. `9 - 2` इतके वाचून झाले, तरी वजाबाकी आत्ताच करावी की थांबावे, हे त्याला कळत नाही. पुढे `*` आला तर थांबणे भाग आहे, `-` आला तर थांबण्याचे कारण नाही.

रॉबर्ट फ्लॉइड या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९६३ साली यावर एक नेमकी पद्धत मांडली. तिचा गाभा असा, की संपूर्ण ओळ पाहण्याची गरजच नाही. शेजारी येणाऱ्या दोन चिन्हांपैकी आधी कोणाचे काम पुरे व्हायचे, एवढे माहीत असले तरी पुरते. आणि ही माहिती एका छोट्या तक्त्यात आधीच लिहून ठेवता येते.

तक्त्यात तीन संबंध असतात. `⋖` म्हणजे डावीकडच्याने थांबावे, उजवीकडच्याचे आधी होऊ द्यावे. `⋗` म्हणजे डावीकडच्याचे काम आत्ताच उरकावे. `≐` म्हणजे दोघे एकाच रचनेचे भाग आहेत. उघडणारा आणि मिटणारा कंस ही अशी जोडी. वजाबाकी, गुणाकार आणि कंस एवढ्यांपुरता तक्ता असा होतो. यात `n` म्हणजे कोणतीही संख्या, आणि `$` ही ओळीच्या दोन्ही टोकांना लावलेली खूण.

```
       n    -    *    (    )    $
n           ⋗    ⋗         ⋗    ⋗
-      ⋖    ⋗    ⋖    ⋖    ⋗    ⋗
*      ⋖    ⋗    ⋗    ⋖    ⋗    ⋗
(      ⋖    ⋖    ⋖    ⋖    ≐
)           ⋗    ⋗         ⋗    ⋗
$      ⋖    ⋖    ⋖    ⋖
```

डावीकडचे चिन्ह आधी वाचून झालेले, वरचे चिन्ह आता समोर आलेले. वजाबाकीच्या ओळीत गुणाकाराखाली `⋖` आहे, म्हणजे वजाबाकी थांबते. गुणाकाराच्या ओळीत वजाबाकीखाली `⋗` आहे, म्हणजे गुणाकार लगेच होतो.

ही चिन्हे लहान-मोठ्याच्या चिन्हांसारखी दिसत असली, तरी त्यांचे नियम इथे चालत नाहीत. कोणतीही संख्या स्वतःहून मोठी नसते, पण तक्त्यात `- ⋗ -` लिहिलेले आहे. दोन वजाबाक्या लागोपाठ आल्या तर डावीकडची आधी करायची, एवढाच त्याचा अर्थ.

आता `9 - 2 * 3 - 1` ही पदावली घेऊ. वाचलेली चिन्हे कंपायलर एका स्टॅकवर ठेवत जातो. प्रत्येक वेळी स्टॅकवरचे सर्वांत वरचे चिन्ह आणि समोर आलेले चिन्ह यांचा संबंध तो तक्त्यात पाहतो. संख्या स्टॅकवर आली, की पुढचे चिन्ह दिसताच `⋗` मिळून तिचे काम संपते. त्यानंतर ती केवळ एक मूल्य म्हणून उरते आणि तुलनेत तिला धरत नाहीत. म्हणून संख्यांच्या पायऱ्या गाळून फक्त क्रियाचिन्हांचा प्रवास दाखवतो.

```
स्टॅक              समोर     संबंध       कृती
$ 9                -       $ ⋖ -      ठेवा
$ 9 - 2            *       - ⋖ *      ठेवा
$ 9 - 2 * 3        -       * ⋗ -      2 * 3 = 6
$ 9 - 6            -       - ⋗ -      9 - 6 = 3
$ 3                -       $ ⋖ -      ठेवा
$ 3 - 1            $       - ⋗ $      3 - 1 = 2
$ 2                $                  पूर्ण
```

तिसरी, चौथी आणि पाचवी ओळ सावकाश पाहावी. समोर एकच वजाबाकी उभी आहे, ती अजून आत गेलेली नाही. आधी तिची गाठ गुणाकाराशी पडते आणि गुणाकार उरकला जातो. तो गेल्यावर खाली पहिली वजाबाकी दिसते, तीही उरकली जाते. मग उरतो फक्त `$`, आणि तेव्हा कुठे नव्या वजाबाकीला आत जागा मिळते. काय उरकायचे याची हद्दही संबंधच ठरवतात. `⋗` मिळाले की उजवे टोक सापडले. तिथून मागे जात जिथे `⋖` भेटते, तिथे डावे टोक. तिसऱ्या ओळीत पहिली वजाबाकी आणि गुणाकार यांच्यात `⋖` होते, म्हणून फक्त `2 * 3` एवढाच तुकडा निघाला.

अंकगणिताचा सगळा रिवाज तक्त्यातच आहे, हे एक घर बदलून पडताळता येते. `- ⋗ -` च्या जागी `- ⋖ -` लिहा आणि बाकी काही बदलू नका. चौथ्या ओळीत आता `9 - 6` होणार नाही. दुसरी वजाबाकी आत जाईल, आधी `6 - 1` होईल, मग `9 - 5`, आणि उत्तर 2 ऐवजी 4 येईल. वजाबाकीसाठी हे चूक आहे, पण घातासाठी हेच हवे असते. `2 ^ 3 ^ 2` मध्ये गणिताच्या रिवाजाने उजवीकडचा घात आधी करायचा, म्हणून तिथे `^ ⋖ ^` लिहितात आणि उत्तर 512 येते. उलट लिहिले तर 64.

बेरीज तक्त्यात घ्यायची, तर तिचे आणि वजाबाकीचे नाते दोन्ही बाजूंनी `⋗` ठेवावे लागते: `+ ⋗ -` आणि `- ⋗ +`. 'कंचेभागुबेव'मध्ये बेरीज आधी आहे म्हणून `9 - 4 + 2` चे उत्तर 3 काढणारी मुले असतात. खरे उत्तर 7, कारण दोघींचा मान सारखा आणि डावीकडची आधी.

रिकामी घरेही कामाची असतात. `9 2 - 1` असे कोणी लिहिले, तर संख्येनंतर लगेच संख्या येते. ते घर रिकामे आहे, म्हणून चूक तिथेच पकडली जाते. पण सगळ्या चुका अशा सापडत नाहीत. `9 - * 2` मध्ये वजाबाकी आणि गुणाकार शेजारी आले आहेत, आणि त्या घरात `⋖` आहे. तक्ता ते मुकाट्याने आत घेतो, कारण त्यांच्यामध्ये संख्या आहे की नाही हे तो पाहतच नाही. चूक उघड होते ती शेवटी, गुणाकार उरकायला घेताना त्याच्या डाव्या बाजूला मूल्य नाही असे दिसते तेव्हा. म्हणून कोणतीही क्रिया उरकण्यापूर्वी दोन्ही बाजूंना मूल्य आहे का, हे प्रोग्रॅममध्ये वेगळे तपासावे लागते. ही तपासणी विसरली, तर चुकीच्या ओळीतून भलतेच उत्तर निघू शकते किंवा रिकाम्या स्टॅकमधून काढू पाहणारा प्रोग्रॅम कोसळतो.

दुसरी अडचण ऋण संख्येची. `5 * -3` मधला `-` वजाबाकीचा नाही, तो 3 चे चिन्ह बदलतो. पण तक्त्यात `-` ला एकच ओळ आणि एकच स्तंभ आहे, आणि एका घरात दोन संबंध लिहिता येत नाहीत. यावर उपाय तक्त्याच्या बाहेर होतो. चिन्हे वेगळी करून देणारा भाग आधीचे चिन्ह लक्षात ठेवतो. आधी संख्या किंवा मिटणारा कंस असेल, तर `-` म्हणजे वजाबाकी. क्रियाचिन्ह, उघडणारा कंस किंवा ओळीची सुरुवात असेल, तर ऋण. मग या दोहोंना तक्त्यात दोन निराळी चिन्हे म्हणून जागा देतात.

या मर्यादांमुळे संपूर्ण प्रोग्रॅमिंग भाषा केवळ अशा तक्त्यावर वाचणे अवघड जाते. १९६५ मध्ये डोनाल्ड क्नुथ यांनी मांडलेली एलआर पद्धत पुष्कळ अधिक व्याकरणे हाताळते. तरी पदावलीपुरता फ्लॉइडचा विचार टिकला आहे. सी भाषेच्या जीसीसी आणि क्लँग या कंपायलरमध्ये बेरीज-गुणाकारांसारख्या क्रियांचा क्रम आजही अग्रक्रमाची तुलना करूनच लावला जातो. तिथे पूर्ण तक्त्याऐवजी प्रत्येक क्रियेला अग्रक्रमाचा एक आकडा दिलेला असतो. त्यामुळे जागा वाचते, पण प्रत्येक जोडीची तुलना नेहमीच शक्य होते आणि रिकामे घर उरतच नाही. मग दोन चिन्हे शेजारी येऊ शकतात की नाही, हे सांगण्याचे काम कंपायलरच्या दुसऱ्या भागाला करावे लागते.