वाघांच्या आलेखातील उंची आणि अनिश्चितता

देशातील वाघांची अंदाजित संख्या २०१४ मध्ये २,२२६ होती. २०१८ मध्ये ती २,९६७ झाली. ही वाढ सुमारे ३३ टक्क्यांची आहे. मात्र हेच आकडे स्तंभालेखात मांडताना उभा अक्ष शून्याऐवजी २,००० पासून सुरू केला, तर पहिल्या स्तंभाची उंची २२६ वाघांइतकी आणि दुसऱ्याची ९६७ वाघांइतकी उरते. परिणामी वाघ चौपटीहून अधिक झाल्याचा भास होतो. स्तंभाची लांबी हेच त्याचे मोजमाप असल्याने स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच सुरू व्हावा लागतो. आकडे बिंदूंनी दाखवल्यास वाचक लांबी नव्हे तर स्थान पाहतो. त्यामुळे तेथे शून्याचे बंधन नाही, पण अक्षावरील आकडे ठळक हवेत.

दुसरा प्रश्न अनिश्चिततेचा आहे. जंगलातील प्रत्येक वाघ कॅमेऱ्यात टिपला जात नाही. न दिसलेल्यांची संख्या सांख्यिकी पद्धतीने अनुमानित केली जाते. म्हणूनच अहवालात मुख्य आकड्यासोबत मर्यादा दिलेल्या असतात: २०१४ साठी १,९४५ ते २,४९१ आणि २०१८ साठी २,६०३ ते ३,३४६. साध्या स्तंभालेखात त्या गायब होतात. बिंदूच्या वर-खाली उभी रेघ, म्हणजेच त्रुटिपट्टी, काढल्यास त्या दिसतात.

ही रेघ नेमके काय दाखवते, हे आलेखाखाली लिहिणे अनिवार्य आहे. वरील मर्यादा प्रमाण त्रुटीच्या आहेत. ९५ टक्के विश्वासांतर हवे असेल, तर प्रमाण त्रुटीला ढोबळमानाने १.९६ ने गुणतात, म्हणजे रेघ जवळपास दुप्पट लांब होते. तसे केल्यास २०१४ ची वरची मर्यादा २,७४५ च्या आसपास, तर २०१८ ची खालची मर्यादा २,२५० च्या आसपास येते. आधी विलग दिसणाऱ्या दोन रेघा आता एकमेकींवर येतात. याचा अर्थ वाढ झालीच नाही असा नव्हे, कारण ९५ टक्क्यांच्या रेघा थोड्या एकमेकींवर आल्या तरी फरक खरा असू शकतो. त्याचा निर्णय फरकाचे स्वतंत्र विश्वासांतर काढूनच होतो. परंतु रेघेचा प्रकार न सांगितल्यास वाचक चुकीच्या खात्रीने निष्कर्ष काढतो.

त्रुटिपट्टीलाही मर्यादा आहे. २००६ मधील १,४११ या अंदाजात सुंदरबनचा समावेश नव्हता. २०१० मधील १,७०६ मध्ये तो होता. पाहणीच्या क्षेत्रातील असा बदल कोणत्याही रेघेत उमटत नाही. तो तळटिपेत नोंदवला, तरच दोन वर्षांची तुलना प्रामाणिक ठरते.